सरपण की गॅस? पाणी तापवण्यापुरता एक हिशेब

पाणी तापवण्यासाठी लाकूड ठेवावं की एलपीजीवर जावं, हा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला आहे. तुमचा अजून सुटला नसेल तर माझा हिशेब समोर ठेवतो. रॉकेलही स्पर्धेत होतं, त्याचं थोडक्यात पुढे येईलच. उष्मांक म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

सगळ्यात आधी एक सवय मोडावी लागते, ती म्हणजे तक्त्यातले आकडे शेजारी मांडून निकाल देण्याची. एलपीजी ४६ मेगाज्यूल प्रतिकिलो, रॉकेल ४३, पूर्ण कोरडं लाकूड साधारण साडेअठरा. (बऱ्याच शालेय तक्त्यांत एलपीजीपुढे ५५ दिसतात. प्रोपेन-ब्युटेनचा ढोबळ उष्मांकही जेमतेम पन्नासच्या आसपास आहे. ज्वलनात तयार होणारी वाफ पाणी न होता हवेत निघून जाते, तिच्याबरोबर गेलेली उष्णता वजा केली की ४६ उरतात. बर्नरवर आपल्याला हा दुसरा, निव्वळ आकडाच उपयोगी पडतो.) या यादीवरून गॅस लाकडाच्या अडीचपट चांगला वाटतो. पण भांड्यातल्या पाण्याला तक्ता दिसत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ती उष्मांक गुणिले कार्यक्षमता, आणि तिथे चित्र पार बदलतं.

एक ठरावीक काम घेऊ. २० लिटर पाणी, तापमानात ४० अंशांची वाढ. लागणारी उष्णता २० × ४.१८ × ४० = ३३४४ किलोज्यूल, म्हणजे सुमारे ३.३४ मेगाज्यूल. इंधन कोणतंही घ्या, एवढी उष्णता पाण्यात उतरलीच पाहिजे.

बऱ्या गॅस बर्नरची कार्यक्षमता ६० टक्के धरायला हरकत नाही. मग एक किलो गॅसमधून पाण्याला मिळतात ४६ × ०.६० = २७.६ मेगाज्यूल, आणि आपल्या कामाला लागतो सुमारे १२० ग्रॅम गॅस.

लाकडाचं एवढं सरळ नाही. नीट वाळलेल्या लाकडातही वजनाच्या २० टक्के पाणी असतं. म्हणजे किलोभर लाकडात जळणारा भाग ८०० ग्रॅम, त्याचे १४.८ मेगाज्यूल. उरलेल्या २०० ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण अर्धा मेगाज्यूल खर्च होतो, कारण एक किलो पाण्याला २.४४ मेगाज्यूल लागतात. हाती राहिले १४.३. चूल सुधारित, बंदिस्त असेल तर कार्यक्षमता २५ टक्के धरू. तीन दगडांच्या उघड्या चुलीत ती १० ते १५ टक्क्यांच्या घरात असते. सुधारित चुलीत किलोमागे ३.६ मेगाज्यूल पाण्यात उतरतात आणि आपल्या २० लिटरला साधारण ९३० ग्रॅम लाकूड लागतं.

म्हणजे तक्त्यातलं अडीचपटीचं अंतर प्रत्यक्षात पावणेआठपट झालं. दराची तुलना करायची तर हाच आकडा लक्षात ठेवा: एक किलो गॅस म्हणजे पावणेआठ किलो वाळलेलं लाकूड. गॅसचा किलोचा भाव लाकडाच्या पावणेआठपटीपेक्षा कमी असेल तर पैशांच्या हिशेबातही गॅसच पुढे. लाकूड फुकट मिळत असेल तर मात्र हे गणित तुमच्या कामाचं नाही.

इथपर्यंत मी लाकडाच्या बाजूनेही बोलू शकलो असतो. माझा निकाल ज्या एका कटकटीने लागला ती वेगळीच: ओलावा. तो जास्त असतो ही तक्रार दुय्यम आहे. तो किती आहे हे कधीच कळत नाही, हे खरं दुखणं.

वजनावर घेतलेल्या लाकडात पाण्याचंही वजन मोजलं जातं. वरून वाळलेलं दिसणारं लाकूड फोडलं की आत गार आणि दमट लागतं. पावसाळी हवेत तेच सरपण वेगळं वागतं. मी टोकांना पडलेल्या भेगा बघायचो, दोन तुकडे एकमेकांवर आपटून आवाज ऐकायचो. वाळलेल्याचा आवाज खणखणीत येतो, ओल्याचा बद्द. तरी पेटवल्यावर टोकांतून फेस येऊन सूं सूं व्हायला लागलं की समजायचं, आज पाणी उशिरा तापणार. ओलावा मोजायचं यंत्र घेतलंत तर एक खोच आहे: बहुतेक यंत्रं ओलाव्याची टक्केवारी कोरड्या लाकडाच्या वजनावर देतात. त्यांचे २५ म्हणजे माझ्या हिशेबातले २०. खात्रीच हवी असेल तर तुकड्याचं वजन करा, साधारण १०५ अंशांच्या भट्टीत तो वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा, आणि पुन्हा वजन करा. रोजच्या पाण्यासाठी हे कोण करणार, हा प्रश्न रास्त आहे.

ओलावा ४० टक्के असेल तर काय होतं ते बघू. जळणारा भाग ६०० ग्रॅम, त्याचे ११.१ मेगाज्यूल, वाफेसाठी वजा जवळपास १, उरले १०.१. इथे बरेच जण म्हणतात की पाणी उडवण्यातच सगळी उष्णता जाते. आकडे तसं म्हणत नाहीत. ११.१ मधला १ म्हणजे नऊ टक्के, बस. खरा फटका पुढचा. वाफेमुळे ज्वाला थंड पडते, थंड ज्वालेकडून भांड्याला उष्णता कमी मिळते, काम लांबतं आणि तेवढा वेळ चूलही इकडेतिकडे उष्णता सांडत राहते. अशा लाकडावर तीच चूल १८ टक्क्यांवर आली असं समजू. हा माझा अंदाज आहे, पाणी तापायला लागणाऱ्या वेळावरून बांधलेला. तुमच्याकडे थोडा इकडेतिकडे होईल. मग किलोमागे मिळाले १.८ मेगाज्यूल आणि २० लिटरला लाकूड लागलं सुमारे १८४० ग्रॅम. वाळलेल्याच्या दुप्पट. तेच लाकूड, तीच चूल, तेवढंच पाणी. दुपटीचा फरक आणि तो आधी दिसत नाही, हे मला जड गेलं. गॅसचे १२० ग्रॅम पावसातही १२०च राहतात.

धुराबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथे एक गैरसमज पक्का रुजला आहे. धूर म्हणजे वाया गेलेलं इंधन, म्हणून धूर थांबला की सरपण वाचेल, असं म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. बऱ्या पेटलेल्या चुलीत लाकडातली ९० टक्क्यांहून जास्त ऊर्जा उष्णतेत बदलतेच. ती भांड्याला न मिळता बाजूने निघून जाते, म्हणून कार्यक्षमता २५ टक्क्यांवर अडकते. न जळता गेलेला भाग ऊर्जेच्या दृष्टीने किरकोळ असतो. पण कार्बन मोनॉक्साइड, डांबरी वाफा, काजळी आणि फुप्फुसात खोलवर जाणारे सूक्ष्म कण हे सगळं त्याच किरकोळ भागात असतं. म्हणून भांड्याभोवती आडोसा करून लाकूड निम्म्यावर आणता येतं आणि तरी प्रत्येक किलोमागचा धूर तसाच राहू शकतो. कार्यक्षमता आणि प्रदूषण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चूल निवडताना दोन्ही वेगवेगळे विचारा. ओलं लाकूड मात्र दोन्हीकडे एकदम मार देतं.

कार्बन डायऑक्साइडचा हिशेब सोपा आहे. प्रोपेनच्या ४४ ग्रॅमपासून १३२ ग्रॅम तयार होतो, म्हणजे तिप्पट, ब्युटेनचंही तसंच. आपल्या कामाला १२० ग्रॅम गॅस, म्हणून ३६० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. कोरड्या लाकडात अंदाजे निम्मा कार्बन असतो. ९३० ग्रॅम लाकडात कोरडा भाग ७४४, त्यात कार्बन ३७२ ग्रॅम, आणि त्याला ४४/१२ ने गुणलं की सुमारे १३६० ग्रॅम. जवळजवळ चौपट. लाकडाचे पाठीराखे म्हणतील की झाड तो पुन्हा शोषून घेतं. मान्य, पण तोडलं तेवढं पुन्हा वाढत असेल तरच. आणि झाड वाढलं तरी काजळी आणि न जळलेला मिथेन त्या खात्यात जमा होत नाहीत.

गॅसही धुतल्या तांदळासारखा नाही. निळ्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि बंद खोलीत तो साचतो. ज्योत पिवळी पडून भांड्याचं बूड काळं होऊ लागलं की बर्नरला हवा कमी मिळते आहे. तेव्हा कार्बन मोनॉक्साइडचाही धोका असतो. त्यात हा वायू हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो. बंद न्हाणीघरात गॅसवर पाणी तापवणं मी तरी टाळेन.

रॉकेलला मी लवकर बाद केलं. कार्यक्षमता ४५ टक्के धरली तर १७० ग्रॅममध्ये काम होतं, हे लाकडापेक्षा कितीतरी बरं. पण वात जरा वर गेली की काजळी, आणि वास खोली सोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत घरात रॉकेल वापरू नये असंच सुचवलं आहे.

तुमच्याकडे लाकूड साठवायला हवेशीर, छप्पर असलेली जागा असेल, चूल उघड्यावर किंवा धुराडं असलेली असेल आणि सरपण आपल्याच आवारातल्या छाटणीचं असेल, तर लाकूड सोडा असं मी म्हणणार नाही. यातली एक अट जरी सुटली तरी माझा कौल गॅसला.

ठरवण्याआधी माझे ६० टक्के डोळे झाकून घेऊ नका, स्वतःच्या बर्नरवर काढा. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा, झाकण घातलेल्या भांड्यात १० लिटर पाणी ४० अंशांनी वर न्या, आणि वजन किती घटलं ते पाहा. काटा निदान पाच ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. ६० ग्रॅम घटले तर कार्यक्षमता ६० टक्के; ७५ च्या आसपास घटले तर ती पन्नासच्याही खाली आली. तसं झालं तर ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाते आहे का ते आधी बघा. ती कमी करून पुन्हा मोजा. तरी फरक पडला नाही तर बर्नरची भोकं साफ करा, आणि मगच लाकडाशी तुलना करायला बसा.