खटकणारं रीडिंग: वगळायचं, बदलायचं की तसंच ठेवायचं?

लंबकावरून गुरुत्वत्वरण g काढण्याच्या प्रयोगातली एक सारणी घेऊ. लांबी ८० सेंमी, प्रत्येक वेळी २० दोलनांचा वेळ सेकंदांत: ३५.८, ३६.०, ३५.९, ३४.१, ३५.७. चौथं रीडिंग डोळ्यांत खुपतं. जर्नल उद्या द्यायचं आहे आणि ठरवायचं आहे की या ३४.१ चं करायचं काय. वाटा तीन आहेत.

| काय केलं | चौथं रीडिंग | सरासरी (सेकंद) | g (मी/से²) |
|---|---|---|---|
| पाचही धरली | ३४.१ | ३५.५० | १०.०२ |
| चौथं सारणीत ठेवलं, कारण लिहून सरासरीतून वगळलं | ३४.१* | ३५.८५ | ९.८३ |
| चौथं खोडून "सुधारलं" | ३५.९ | ३५.८६ | ९.८२ |

शेवटच्या दोन ओळींची उत्तरं जवळजवळ सारखी आहेत, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते: उत्तर तेच येणार असेल, तर बिघडलं कुठे? तिसऱ्या ओळीत पाच मोजमापं घेतल्याचा दावा आहे आणि त्यांतलं एक कधी झालंच नाही. शिवाय रीडिंगं प्रत्यक्षात होती त्याहून एकमेकांच्या जवळ दिसतात, म्हणजे त्यांवरून काढलेली त्रुटीही खोटी ठरते. दुसऱ्या ओळीत वाचणाऱ्याला पाचही आकडे दिसतात. तुमचा निर्णय त्याला पटला नाही, तर तो स्वतः १०.०२ काढू शकतो.

आता वगळण्याच्या कारणाकडे येऊ. एका दोलनाला सुमारे १.८ सेकंद लागतात आणि ३४.१ हे बाकीच्यांपेक्षा साधारण तेवढंच कमी आहे. स्टॉपवॉच सुरू करताना "शून्य" म्हणायच्या जागी "एक" म्हटलं की १९ दोलनांतच मोजणी संपते. जोडीदाराने ते त्याच वेळी ऐकलं असेल आणि कच्च्या वहीत लिहिलं असेल, तर हे रीडिंग टाकूनही द्यायला नको. १९ ने भागा आणि तसं नमूद करा. पण हा तर्क घरी आल्यावर आकड्याकडे बघून सुचला असेल, तर तो अंदाजच आहे. मग "मोजणीत एक दोलन चुकल्याची शंका" असं लिहून दोन्ही उत्तरं द्यावीत. सहावं रीडिंग घेता आलं तर फारच छान, फक्त ते सहावं म्हणून लिहायचं, चौथ्याच्या जागी नाही.

माझ्या मते कसोटी ही की वगळण्याचं कारण आकडा झाकूनही सांगता आलं पाहिजे, आणि तेच कारण "बरोबर" आलेल्या रीडिंगलाही लावायची तयारी हवी. गोलक सरळ रेषेत न झुलता लंबवर्तुळात फिरत होता म्हणून एक रीडिंग काढलं, तर तसंच फिरताना मिळालेलं ३५.९ सुद्धा काढावं लागेल. ३४.१ च्या जागी ३५.३ आलं असतं आणि कारण काहीच सापडलं नसतं, तर ते सरासरीत राहिलंच पाहिजे. मग त्रुटी थोडी जास्त दिसेल, आणि ती तशीच दिसायला हवी.

आलेखावर आकडे "गुळगुळीत" करण्याचं नुकसान याहून मोठं आहे. समजा दोऱ्याची लांबी गोलकाच्या हुकापर्यंतच मोजली आणि तिथून त्याच्या केंद्रापर्यंतचा १ सेंमी धरायचा राहिला. मग L विरुद्ध T² ही रेषा आरंभबिंदूतून न जाता T² अक्षाला सुमारे ०.०४ से² वर छेदते. चढ मात्र बरोबर असतो, त्यामुळे चढावरून काढलेला g सुद्धा बरोबर येतो. रेषा शून्यातून जायलाच हवी म्हणून कोणी बिंदू खाली सरकवले, तर चढ बिघडतो आणि चूक कुठे झाली हे सांगणारा पुरावाही जातो. प्रामाणिक दुरुस्तीची रीत वेगळी आहे. व्हर्नियरने गोलकाचा व्यास मोजायचा, हूक असल्यास त्याची उंचीही, आणि ती भर सगळ्याच लांबींत घालायची, हवे तेवढेच बिंदू निवडून नव्हे.

परीक्षकाला हे कसं कळतं? बटण दाबताना हाताचा वेळ मागेपुढे होतोच, त्यामुळे रीडिंगं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास हलतात. पाचही रीडिंगं दुसऱ्या दशांशापर्यंत तंतोतंत जुळली, तर शंका घ्यायला जागा आहे.

रॉबर्ट मिलिकनच्या तेलाच्या थेंबांच्या प्रयोगाबद्दलचा वादही याच मुद्द्यावर आहे. १९१३ च्या शोधनिबंधात त्याने ५८ थेंबांची आकडेवारी दिली आणि हे निवडक नसून सलग ६० दिवसांत तपासलेले सगळे थेंब आहेत, असं लिहिलं. त्याच्या वह्यांत याहून कितीतरी जास्त थेंब सापडले. त्यांतले बरेच वगळायला त्याच्याकडे रास्त कारणं होती, असं त्याची बाजू घेणारे अभ्यासक सांगतात. ते मान्य केलं तरी "सगळे" हा शब्द खरा ठरत नाही. तुमच्या सारणीवर "घेतलेली सर्व रीडिंगं" असं शीर्षक असेल, तर ३४.१ तिथे असायलाच हवं, आणि त्याखाली तारांकित ओळ: "मोजणीची शंका, सरासरीत धरलेलं नाही; धरल्यास g = १०.०२."