कुत्रं एकटं राहत नाही: नुसतं ट्रेनिंग, की सोबत गोळीही?

दाराला कुलूप लागलं की रडणं, दार ओरबाडणं, घरात लघवी. हे दिसलं की बहुतेक जण थेट ट्रेनर शोधतात. आधी लघवी तपासा. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, किडनीचा आजार, म्हाताऱ्या कुत्र्यात सांधेदुखी किंवा विसराळूपणा, यातलं काही असेल तर कितीही शिकवलं तरी फरशी ओलीच राहणार.

ओळखायचं कसं? तुम्ही घरी असतानाही, रात्रीसुद्धा लघवी होत असेल तर शंका शरीरावर घ्या. दिवसभराचं पाणी मोजा: किलोमागे १०० मिलीच्या वर गेलं तर तपासणी हवीच. नागपूरच्या मे महिन्यात तहान तशीही वाढते, म्हणून मोजमाप कूलरच्या खोलीत, दोन-तीन दिवस घ्या. सकाळची पहिली लघवी स्वच्छ डब्यात धरून डॉक्टरांकडे न्या. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच.

मनीषनगरमधल्या एका घरातलं १८ किलोचं देशी कुत्रं घ्या. लघवी आणि रक्त, दोन्ही रिपोर्ट स्वच्छ. मग जुना मोबाइल हॉलमध्ये ठेवून चित्रीकरण केलं. मालक लिफ्टमध्ये शिरायच्या आतच धापा, लाळ, मग अस्वस्थ येरझाऱ्या. शांत राहण्याची मर्यादा जेमतेम ४० सेकंद. निर्णय या आकड्यावर होतो.

कुत्रं दहा-पंधरा मिनिटं आरामात पडून राहत असेल तर मी नुसत्या ट्रेनिंगच्या बाजूने आहे. घाबरण्याआधीच परत यायचं आणि वेळ हळूहळू वाढवायची. गोळीच्या दुष्परिणामांचा प्रश्नच नाही. मात्र या काळात त्याला खरोखर एकटं सोडता येत नाही, आणि नोकरदार घरात इथेच सगळं फिसकटतं.

मर्यादा सेकंदांत असेल, किंवा दार ओरबाडून नखं रक्ताळत असतील, तर ट्रेनिंग फसण्याची वाट कशाला बघायची? डॉक्टरांनी या कुत्र्याला फ्लुऑक्सेटिन हे चिंता कमी करणारं औषध रोज २० मिलिग्रॅम दिलं, म्हणजे किलोमागे साधारण १ मिलिग्रॅम. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला भूक मंदावते, सुस्ती येते. गोळीने भीतीची धार कमी होते, पण एकटं राहायला ती शिकवत नाही. म्हणून सेकंदांचा सराव सुरूच ठेवावा लागतो. नुसती गोळी देऊन कामावर जाणं हा पर्याय मी मोजतच नाही. गुंगीचं औषध तर नकोच. त्याने अंग सुस्त पडतं, भीती आत तशीच राहते.

एक गोष्ट आपल्याकडे हमखास राहून जाते. गोचिडांसाठी अमित्राझचं औषध लावत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. फ्लुऑक्सेटिनसोबत ते धोक्याचं ठरू शकतं. झटके येण्याचा इतिहास असेल तर तोही सांगा. आणि बरं वाटलं म्हणून गोळी एका दिवसात बंद करू नका. कुत्रं काही महिने स्थिर राहिलं की डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात, आणि प्रत्येक टप्प्यावर मोबाइल पुन्हा हॉलमध्ये ठेवायचा.