जिवलग मित्राच्या रिसेप्शनला बोलायचंय: गुणांची यादी की एकच प्रसंग?

मित्राला अवघडवणारे किस्से सांगायचे नाहीत हे ठरलं की टोस्टसाठी दोन रस्ते उरतात. एक, त्याचे गुण सांगायचे. दुसरा, एकच साधा प्रसंग सांगायचा. मी दोन्ही करून पाहिलंय.

यादी सुरक्षित असते. मैत्री दोन-तीन वर्षांचीच असेल, किंवा हाताशी असलेले सगळे प्रसंग दारू, जुनी प्रेमप्रकरणं आणि उसन्या पैशांचे असतील, तर खुशाल यादी घ्यावी. पण तिची एक गोष्ट मला फार जाचली: तिला शेवट नसतो. ‘प्रेमळ, मेहनती, दिलदार’ म्हणून झालं तरी आणखी एक विशेषण सुचतं, मग आणखी एक. लोकांना टाळी कुठे वाजवायची कळत नाही आणि आपल्याला थांबायचं कुठे ते. शिवाय जोडीदाराच्या वाट्याला ‘वहिनीही तशाच’ एवढंच येतं.

प्रसंग मात्र आपोआप संपतो. निवडताना मी एवढंच बघतो, की अडचणीत आपण असावं आणि वेळेला धावून आलेला तो असावा. उदाहरणार्थ: ‘परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्या वह्या हरवल्या. यानं स्वतःच्या आणून दिल्या. पेपर झाल्यावर कळलं, मूळ वह्या माझ्याकडे होत्या आणि हा पुसट झेरॉक्सवरून वाचत होता.’ इथे फजिती झालीच तर बोलणाऱ्याची. मग लगेच जोडीदाराकडे वळायचं: ‘वहिनी, तुम्हीही चांगली प्रत दुसऱ्याला देणाऱ्यांतल्या. म्हणजे घरात भांडण होईल ते पुसट झेरॉक्स कोणी घ्यायची यावरून.’ हे वळण सापडत नसेल तर प्रसंग बदलावा. नाहीतर भाषण दोन मित्रांचंच होऊन बसतं. आणि प्रसंग कळायला आधी दोन-तीन वाक्यांची पार्श्वभूमी लागत असेल, तर तो मित्रांच्या कट्ट्यावरच बरा.

आपण कोण हे एका वाक्यात, प्रसंग चार-पाच वाक्यांत, वळण, शुभेच्छा: दीडशे शब्दांत बसतं. घरी मोठ्यानं वाचून घड्याळ लावा. दीड मिनिट झालं तर हॉलमध्ये हशा-टाळ्यांसकट दोन होतील. कार्डावर पूर्ण मजकूर नको, फक्त मुद्दे आणि दोघांची नावं. ऐन वेळी जीभ नावावरच अडखळते. फोनवरून वाचू नये, स्क्रीन नेमकी वळणापाशी काळी होते.

शेवटचं वाक्य तेवढं पाठ हवं, कारण तेव्हा कार्ड बघता येत नाही. एका हातात माइक, दुसऱ्यात कार्ड, आणि ग्लास? तो आधी टेबलावरच राहू द्या. वळण झालं की कार्ड खिशात, ग्लास हातात, आणि दोघांकडे बघून: ‘या दोघांच्या नावानं!’