वर फुल रेंज, खाली दोनच दांड्या: भाड्याने कोणता फ्लॅट घ्यावा?

समजा दोन फ्लॅट आवडले आहेत: एक 3ऱ्या मजल्यावर, दुसरा 18व्या. वरच्यात मोबाईलला फुल रेंज, खालच्यात दोन दांड्या. बहुतेक जण तिथेच वरच्याच्या बाजूने कौल देतात. मी देणार नाही. दांड्या म्हणजे मुख्यतः सिग्नलचा जोर, आणि किती दांड्या कधी दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपापल्या मनाने ठरवते. सिग्नल किती स्वच्छ आहे हे त्यांच्यावरून कळत नाही.

त्यासाठी दोन आकडे बघायचे. RSRP हा जोर, डीबीएममध्ये. तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. −90 च्या आसपास निश्चिंत राहा, −105 च्या खाली कुरबुरी सुरू होतात, −115 च्या पुढे कॉल टिकेल याचा भरवसा नाही. SINR म्हणजे आपल्या टॉवरचा आवाज बाकीच्या गोंगाटातून किती उठून येतो ते. 10 च्या वर असेल तर ठीक, शून्याच्या खाली गेला तर वाईट. अँड्रॉइडवर जोराचा आकडा बऱ्याच फोनमध्ये सेटिंग्जमधल्या सिम स्टेटसमध्ये मिळतो, SINR साठी नेटवर्क मोजणारं अ‍ॅप लागतं. आयफोनवर `*3001#12345#*` डायल केलं की चाचणीची स्क्रीन उघडते.

आता दोन्ही घरांतून त्याच फोनने, त्याच सिमने, खिडक्या बंद ठेवून फिरूया. प्रत्येक जागी थोडं थांबायचं, आकडा लगेच स्थिरावत नाही. उदाहरणादाखल असे आकडे आले असं धरू (आधी RSRP, मग SINR):

| जागा | 3रा मजला | 18वा मजला |
|---|---|---|
| हॉल, खिडकीशी | −92 / 14 | −78 / 1 |
| बेडरूमच्या मधोमध | −103 / 11 | −86 / −2 |
| आतला पॅसेज | −116 / 2 | −95 / 0 |

खालच्या घराची तक्रार साधी आहे: भिंतींमुळे सिग्नल आत येईपर्यंत क्षीण होतो. पण आहे तो स्वच्छ आहे. बेडरूममध्ये कॉल नीट चालेल, पॅसेजमध्ये तुटेल, आणि उद्याही तिथेच तुटेल. अशी ठरलेली मृत जागा सांभाळता येते.

वरच्या घरात जोर आहे, पण टॉवरचे अँटेना रस्त्याच्या बाजूला खाली झुकवलेले असतात. उंचावर एकाही टॉवरचा झोत नीट मिळत नाही आणि आडवं काही नसल्यामुळे दूरदूरचे टॉवर मात्र एकदम पोचतात. फोन कधी याला धरतो, कधी त्याला. हे ओळखायला सोपं आहे: एका जागी न हलता उभं राहा आणि अ‍ॅपमधला PCI हा सेलचा क्रमांक बघत राहा. तो सतत बदलत असेल, तर फुल दांड्या असूनही कॉलमधला आवाज तुटक होऊ शकतो. प्रत्येक उंच मजल्यावर असंच होतं असं नाही. काही इमारतींच्या आत नेटवर्कचे स्वतंत्र अँटेना बसवलेले असतात, मग वरही सगळं सुरळीत असतं. म्हणून मोजायचं.

खिडकीची काच वेगळी तपासा. उष्णता अडवण्यासाठी धातूचा पातळ थर दिलेली काच 20 ते 30 डीबीपर्यंत सिग्नल खाऊ शकते. खिडकी उघडल्याबरोबर आकडा −108 वरून −85 वर आला, तर दोषी काच आहे, आणि एसी लावून खिडक्या बंद केल्या की तुमच्या वाट्याला −108 च येणार.

आकडे झाले की कॉल लावा आणि बोलत घरभर फिरा. 5जी वर नेट मस्त चालत असताना कॉल लागल्यावर अनेक फोन 4जी वर उतरतात, म्हणून नुसती स्पीड टेस्ट पुरेशी नाही. जमलं तर संध्याकाळी पुन्हा या. त्या वेळी वापर वाढतो आणि गर्दीचा टॉवर उघडा पडतो. दुसऱ्या कंपनीचं सिमही घेऊन या, कारण तिचा टॉवर दुसरीकडे असू शकतो आणि सगळं चित्र बदलू शकतं.

घरात ब्रॉडबँड येणार असेल आणि तुमचा फोन व सिम कंपनी वायफाय कॉलिंग देत असतील, तर दोन्ही घरं जवळपास एका पातळीवर येतात. फक्त वीज गेली की राउटरही जातो, आणि तेव्हा पुन्हा वरचाच तक्ता लागू. रेंज वाढवणारा बूस्टर लावू या भरवशावर मात्र करार करू नका: परवानगीशिवाय तो वापरणं बऱ्याच देशांत बेकायदा आहे, आणि SINR वाईट असेल तर तो गोंगाटही तितकाच मोठा करतो.

दिवसभर फोनवर काम असेल तर या आकड्यांवर मी 3रा मजला घेईन आणि टेबल बेडरूममध्ये मांडेन. दुसऱ्या सिमवर 18व्या मजल्याचा SINR 10 च्या वर गेला, तर वरचं घर घेऊन नंबर त्या कंपनीकडे पोर्ट करेन.