तीन फोटो पाहून घेतलेला ‘स्टुडिओ कंडेन्सर’ : माझे ५,८०० रुपये कसे गेले

माझ्या आईला जात्यावरच्या ओव्या शंभराच्या वर पाठ आहेत. तिचं वय आता एकोणऐंशी. आवाज आहे तोवर त्या नीट रेकॉर्ड करून ठेवायच्या, एवढ्यासाठीच मला माईक हवा होता. घरी माईक कॉम्प्युटरला जोडणारा दोन चॅनेलचा छोटा ऑडिओ इंटरफेस होता, त्यात केबलमधूनच माईकला वीज देणारं ४८ व्होल्टचं फँटम बटण होतं. ‘बारीक आवाजासाठी कंडेन्सर घ्या’ असं दोघा-तिघांनी सांगितलं होतं. कंडेन्सर म्हणजे वीज लागणारा, हलका आवाजही टिपणारा माईक. जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत साताऱ्याच्या एकाचा ‘स्टुडिओ कंडेन्सर, जेमतेम वापरलेला’ दिसला. त्याने तीन फोटो पाठवले, मी सांगलीतून पैसे पाठवले आणि चौथ्या दिवशी पार्सल आलं.

माईकमधून आवाज येत होता, पण तो चिमणीएवढा, आणि त्याच्या मागे सतत सुस्कारा. आवाज वाढवला की सुस्काराही तेवढाच वाढायचा. आई दोन ओव्या म्हणून थांबली आणि म्हणाली, “माझाच घसा बसलाय का गं?” ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

आमच्या गल्लीत गणपतीत आणि लग्नात साउंड लावणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे माईक नेला. त्यांनी खालची रिंग फिरवून धातूची नळी काढली. वरच्या मोठ्या सोनेरी जाळीच्या आत प्लॅस्टिकची काळी चकती होती आणि तिच्या मधोमध शर्टाच्या बटणाएवढी एक गोळी. “ही कॉलर माईकच्या जातीची गोळी हाय,” काका म्हणाले. “अंगरखा मोठ्याचा घातलाय.”

विकणाऱ्याला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, “ताई, कंडेन्सरच आहे. मी खोटं कुठे बोललो?” आणि इथेच खरी मेख आहे. ती गोळी म्हणजे इलेक्ट्रेट, आणि इलेक्ट्रेट हाही कंडेन्सरचाच एक प्रकार. चांगले इलेक्ट्रेट माईकही असतात. शब्दापुरता तो खरा होता. पण त्याने स्टुडिओ माईक म्हणून विकला होता, त्याच किमतीला, आणि आत होती काही रुपयांची गोळी. म्हणून नुसतं ‘कंडेन्सर आहे का’ असं विचारू नका. आत काय बसवलंय ते फोटोत पाहा. त्याचे तिन्ही फोटो मी नंतर काकांना दाखवले. फसवणूक त्या फोटोंतच दिसत होती, मला ती वाचता आली नव्हती.

पहिला फोटो अंगाचा. उभा दंडगोल, वर दोन बाजूंनी चपटी जाळी, खाली रबरी दोऱ्यांचा कोळ्यासारखा स्टँड. अशा माईकमध्ये टोकातून नव्हे, तर बाजूने बोलायचं असतं. हातात धरायचा डायनॅमिक, म्हणजे वीज न लागणारा स्टेजवरचा नेहमीचा माईक, वेगळा दिसतो: वर चेंडूसारखी गोल जाळी, खाली निमुळती मूठ, काहींना चालू-बंदचं बटण, आणि टोकासमोर तोंड. मला हा ढाचा पाहूनच खात्री पटली होती. पण ढाचा कुणीही ओतू शकतो. शिवाय रेडिओवाले वापरतात ते जाडजूड डायनॅमिकही लांबून स्टुडिओ माईकसारखेच दिसतात, आणि हातात धरायचे कंडेन्सरही मिळतात. चांगल्या माईकवर पुढची बाजू कळायला काही खूण असते: बदामासारखं चिन्ह, किंवा रोड एनटी१-ए वर असते तशी सोनेरी टिकली. माझ्या माईकवर कसलीही खूण नव्हती. त्याने काही सिद्ध होत नाही, पण तिथेच शंका यायला हवी होती.

दुसरा फोटो जाळीचा, आणि तो फ्लॅश मारून काढलेला. काका म्हणाले, हा फोटो मुद्दाम असा काढतात. फ्लॅशचा उजेड जाळीच्या तारांवरच चमकतो आणि आतलं सगळं काळं होतं. फोटो मागायचा तो जाळीच्या मागे खिडकी किंवा ट्यूबलाइट ठेवून. मोठ्या पडद्याच्या कंडेन्सरमध्ये तेव्हा जाळीच्या पोकळीत साधारण इंचभर व्यासाची गोल चकती उभी दिसते, कडेने बारीक स्क्रूंची कडी, आणि पडद्यावर बहुधा सोन्याची झाक. डायनॅमिकच्या गोल जाळीत आतून फोम असतो, त्यामुळे उजेड आरपार येत नाही. माझ्या फोटोत उजेड वाढवून पाहिला तर काळी गोल पाटी आणि मधोमध एक बारीक छिद्र दिसलं. इंचभराची चकती कुठेच नव्हती. त्या छिद्रामागेच ती गोळी होती.

तिसऱ्या फोटोत माईकचं बूड आणि शेजारी केबल होती. बुडाला तीन पिना पाहून मी निर्धास्त झाले होते. ती माझी सर्वांत मोठी चूक. तीन पिनांचं एक्सएलआर डायनॅमिकलाही असतं आणि कंडेन्सरलाही, त्यावरून जात कळत नाही. पण केबलचं दुसरं टोक पाहायचं राहून गेलं: तिथे मोबाइलच्या हेडफोनसारखा साडेतीन मिलिमीटरचा जॅक होता. फँटम ४८ व्होल्ट इंटरफेसमधून एक्सएलआर केबलनेच माईकपर्यंत जातं. कॉम्प्युटरच्या त्या बारीक भोकातून फार तर पाचेक व्होल्ट मिळतात, आणि तेवढ्यावर कॉलर माईकसारखी गोळीच चालते. म्हणजे ती केबल फोटोत ठेवून विकणाऱ्याने आत काय आहे ते नकळत सांगूनच टाकलं होतं. याच जागी पाव इंचाचा जाड जॅक असता तर मी अॅम्प्लिफायरला लावायचा डायनॅमिक समजले असते.

पैसे परत देण्याऐवजी त्याने मला ‘प्रोफेशनल कॉलर माईक’ देऊ केला आणि त्याचा फोटो पाठवला: बारीक वायर, चिमटा, टोकाला काळा फोम. या वेळी मी आधी जॅक मोठा करून पाहिला. त्यावर तीन काळे पट्टे होते, म्हणजे चार भागांचा जॅक, मोबाइलसाठीचा. कॅमेऱ्यासाठीच्या कॉलर माईकला सहसा दोन पट्टे असतात, आणि थेट इंटरफेसला लावायच्या माईकच्या वायरीला शेवटी पेनाएवढी नळी आणि तीन पिना असतात. माझ्याकडे तो लागलाच नसता. मी त्याला लिहिलं की जुन्या माईकचा जाळीमागून उजेड टाकून काढलेला फोटो तुमच्याकडे होता का, तो का पाठवला नाही? त्यानंतर त्याने माझा नंबर ब्लॉक केला. ५,८०० रुपयांतला एक रुपयाही परत आला नाही.

काकांनी त्यांचा जुना, जाळी चेपलेला डायनॅमिक मला आठवडाभर दिला. आईच्या ओठांपासून चार बोटांवर धरला. माईक तोंडाच्या इतक्या जवळ होता, म्हणून बाहेरच्या रस्त्यावरच्या गाड्या मागे राहिल्या आणि ओवी पुढे आली. आत्तापर्यंत एकतीस झाल्या आहेत.