लांब भाषण ठेवावे की मोडावे? एकाच प्रवेशाच्या दोन पटकथा

एकांकिकेवरून लघुपट करायचा ठरला की पहिला पेच बहुधा एकाच जागी पडतो. रंगमंचावर टाळी घेणारे दोन-तीन मिनिटांचे भाषण पटकथेत तसेच ठेवावे, की ते मोडून त्यातला आशय वस्तू, नजरा आणि हालचालींमध्ये वाटून टाकावा? या दोन्ही वाटांची तुलना एकाच प्रवेशावर करून पाहिली, तर निवड बरीच सोपी होते.

त्यासाठी असा प्रवेश घेऊ. चिपळूणजवळचे जुने घर, ओटी. धाकटा भाऊ शरद पुण्याहून घर विकण्याचे कागद घेऊन आला आहे. आत अण्णा नऊ वर्षे अंथरुणाला खिळलेले आहेत, आणि त्यांच्या खाटेला एक पितळी घंटा दोरीने बांधलेली आहे. थोरली बहीण माई बराच वेळ गप्प राहते आणि मग सुमारे तीनशे शब्दांचे भाषण करते. त्यात रात्री तीन-तीनदा उठणे येते, मोडलेले लग्न येते, शरदचे फोनवरचे उपदेश येतात, आणि शेवटी ती विचारते, ‘‘सही कुठे करायची?’’ घड्याळ लावून मोठ्याने वाचले, तर विरामांसह हे भाषण अडीच मिनिटांच्या आसपास जाते. (एक पान म्हणजे एक मिनिट हा पटकथेचा ढोबळ हिशेब हाताने लिहिलेल्या किंवा दाट टंकलेल्या मराठी पानाला लागू पडेलच असे नाही, म्हणून घड्याळावर विश्वास ठेवावा.)

रंगमंचावर हे भाषण लांब आहे त्याला कारण आहे. पंधराव्या रांगेतल्या प्रेक्षकाला माईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे दिसत नाहीत, त्यामुळे तिच्या जागरणांची गोष्ट शब्दांनीच सांगावी लागते. म्हणून पहिले काम म्हणजे भाषणातल्या प्रत्येक वाक्यापुढे ते वाक्य काय करते हे लिहिणे. ‘‘रात्री तीनदा उठते मी’’ ही माहिती आहे. ‘‘तुझ्या फोनची वाट बघायचे ना, तेव्हा तू डॉक्टरसारखा बोलायचास’’ हा शरदवरचा वार आहे, कारण ते ऐकल्यावर त्याची बसण्याची पद्धतच बदलते. माझ्या मते सगळा निर्णय याच फरकावर उभा आहे: माहिती कॅमेऱ्याकडे सोपवता येते, वार मात्र बोलूनच करावा लागतो.

पहिली वाट भाषण राखण्याची. तीनशे शब्दांतली निव्वळ माहिती काढली की साधारण एकशे ऐंशी उरतात. कॅमेरा माईच्या जवळ राहतो आणि मध्येच एक-दोनदा ऐकणाऱ्या शरदवर जातो. या रीतीचे खरे बळ त्या ऐकणाऱ्या चेहऱ्यात आहे. नाटकात प्रेक्षकांचे डोळे बहुधा बोलणाऱ्या पात्राकडे असतात, तर पडद्यावर वार बसल्याचा क्षण आपण निवडून दाखवू शकतो. भाषणाची चढण टिकते आणि अभिनेत्रीला श्वासाची लय सापडते. अडचण चित्रीकरणाच्या दिवशी येते. दूरचा शॉट, माईचा क्लोज-अप, शरदचा क्लोज-अप अशी प्रत्येक जागा घेताना तेच भाषण पुन्हा पुन्हा करावे लागते आणि पाचव्या-सहाव्या खेपेला आवाजातले पाणी आटू लागते. दुसरा धोका आवाजाच्या पट्टीचा असतो. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्याची सवय झालेला स्वर क्लोज-अपमध्ये ओरडल्यासारखा वाटतो, म्हणून याच भाषणाची तालीम टेबलापलीकडच्या माणसाशी बोलावे तशी स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

दुसरी वाट मोडण्याची. इथे घंटा कामाला येते. पटकथेत तो भाग असा दिसेल:

सीन ४. घर, ओटी. सकाळ.
शरद कागदावर बोट ठेवून भाव समजावतो आहे.
आतून घंटा. एकदाच, बारीक.
माईचा हात कपाच्या कानावर. कप बशीत टेकतो. ती उठलेलीच आहे.
शरद बोलतोच आहे. त्याला घंटा ऐकू आलेली नाही.

‘क्लोज-अप’ हा शब्द या पाच ओळींत एकदाही नाही. ‘माईचा हात कपाच्या कानावर’ असे स्वतंत्र ओळीत लिहिले की दिग्दर्शकाला अंतर आपोआप कळते. नऊ वर्षांची जागरणे त्या हाताच्या वेगात आली आहेत. शिवाय शरदला घंटा ऐकू न येणे हा एक नवा आरोप झाला, जो मूळ भाषणात नव्हता. माई परत येते, ओले हात पदराला पुसते, आणि उरलेल्या चार वाक्यांपैकी शेवटचे बोलते: ‘‘सही कुठे करायची?’’

हे कागदावर फार देखणे दिसते, म्हणून याच्या मर्यादा नीट सांगायला हव्यात. घंटेची पेरणी आधीच्या एखाद्या सीनमध्ये झालेली नसेल, तर प्रेक्षकाला इथे काही कळणार नाही. म्हणजे आणखी एक सीन, आणखी एक प्रकाशयोजना आणि वाढलेला वेळ. हाताचा, कपाचा, दाराचा असे प्रत्येक तुकड्याचे चित्रण वेगळे होते आणि कप कोणत्या हातात होता, चहा किती उरला होता हे प्रत्येक वेळी जुळवत बसावे लागते. मोडलेल्या लग्नासारखी गोष्ट तर वस्तूतून आणायला गेले की भिंतीवरचा फोटो, पेटीतली साडी असल्या वापरून झिजलेल्या खुणांवर गाडी जाते. ती गोष्ट एका साध्या वाक्यात सांगणे अधिक प्रामाणिक ठरते.

स्वगताचा प्रश्न याहून वेगळा आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये बेणारेबाईंना बोलण्यासाठी दहा सेकंद मिळतात आणि इतर सगळे थिजलेले असताना तिचे दीर्घ स्वगत होते. सुलभा देशपांडे यांनी ही भूमिका रंगमंचावर केली आणि सत्यदेव दुबे यांच्या १९७१च्या चित्रपटातही केली. असे भाषण पात्रांपैकी कोणीच ऐकत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याचा क्लोज-अप ही पहिल्या वाटेची मोठी सोय तिथे हाती राहत नाही. थांबलेला काळ ही मूळची रंगमंचीय युक्ती असल्याने, ती पडद्यावर कशी दिसेल हे ठरल्याशिवाय अशा स्वगतातले एकही वाक्य कापू नये.

मसुदा तयार झाल्यावर दोन्ही वाटांसाठी एकच कसोटी घ्यावी. संवाद हाताने झाकून फक्त कृतीच्या ओळी वाचाव्यात, नंतर उलट करावे. कृतीच्या ओळींत काहीच घडत नसेल, तर ते अजून नाटकच आहे. दोन्ही वाचनांत तेच तेच कळत असेल, म्हणजे माई ‘‘थकले रे’’ म्हणते आणि लगेच थकलेल्या चेहऱ्याचा क्लोज-अप येतो, तर दोहोंपैकी एक काढावे; बहुतेक वेळा वाक्य जाते.

अभिनेत्री अनुभवी असेल, घर एकाच दिवसापुरते मिळाले असेल आणि भाषणात वार जास्त असतील, तर मी पहिली वाट सुचवेन. हाती दोन-तीन दिवस असतील आणि भाषण मुख्यतः भूतकाळ सांगत असेल, तर दुसरी. माईच्या प्रवेशात मी जागरणे घंटेकडे देईन, लग्न एका वाक्यात ठेवीन आणि फोनचा वार जसाच्या तसा राखीन. चित्रीकरणात त्या वाराचा माईचा क्लोज-अप सकाळी सर्वांत आधी, तिचा आवाज ताजा असताना घेईन. सगळ्या सीनमध्ये चेहऱ्याच्या इतक्या जवळ कॅमेरा फक्त त्याच वेळी जाईल, आणि हाताचे, कपाचे तुकडे दुपारच्या जेवणानंतर होतील.