रिफंड अडकलाय: थेट एमडीला लिहावं की तक्रार निवारण अधिकाऱ्याला?

मिक्सर परत केला, कुरिअरवाला घेऊनही गेला, पण २,८४९ रुपये काही खात्यात आले नाहीत. कस्टमर केअरला फोन केला की एकच उत्तर: ‘दोन दिवस थांबा, सर.’ आता वर लिहायचं हे ठरलं, पण कोणाला?

बहुतेकांना आधी एमडी आठवतात. त्यांचा ईमेल अंदाजाने शोधावा लागतो आणि तो ते स्वतः क्वचितच वाचतात. तरी नशीब असेल तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या ऑफिसमधून गोड आवाजात फोन येतो. पण उत्तर द्यायलाच हवं असं बंधन त्यांच्यावर नाही, आणि फोनवरच्या आश्वासनाचा कागद आपल्या हाती राहत नाही.

ऑनलाइन विक्रीसाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो आणि त्याचं नाव, संपर्क जाहीर करावा लागतो. ॲपमध्ये अगदी तळाशी, बारीक अक्षरांत ‘Grievance Officer’ असं शोधा. त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची. फोन कदाचित उशिरा येईल, पण इथे तारीख आपल्या बाजूने चालते.

मी पाठवलेला मजकूर असा होता (तक्रार क्रमांक गाळलाय):

‘विषय: तक्रार क्र. … , रिफंड रु. २,८४९, अजून उत्तर नाही
३ जून: वस्तू परत नेली, पावती सोबत.
५ जून: गोदामात पोचल्याचा मेसेज.
११ जून: तक्रार नोंदवली.
१४ जून: पैसे न देताच तक्रार बंद.
१६ जून: पुन्हा नोंदवली, नवा क्रमांक मिळाला.
२४ जून: उत्तर नाही.
मागणी: पूर्ण रक्कम मूळ खात्यात, आणि लेखी उत्तर.’

खरी मेख १४ जूनला आहे. जुनी तक्रार बंद करून नवा क्रमांक दिला की कंपनीच्या नोंदीत तुम्ही कालचेच तक्रारदार ठरता. म्हणून विषयात सगळ्यात जुना क्रमांक घाला, नवे खाली लिहा. कस्टमर केअरच्या वागणुकीवरचा परिच्छेद मी लिहिला होता, मग खोडला. त्याने तारखा झाकल्या जातात.

एमडींचा पत्ता मिळाला तर तो Cc मध्ये टाका. To मध्ये अधिकारीच हवा, कारण महिना त्याला तक्रार मिळाल्यापासून मोजला जातो. पोच आली नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच ईमेलला रिप्लाय करा, नवा ईमेल नको. महिना उलटला की तीच साखळी जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा. तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दावा तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावा लागतो, आणि मिक्सरएवढ्या रकमेला फी पडत नाही.